जादा चष्मा : नंबरात काटकसर नको, बाकी सगळीकडे चालेल

चष्म्याची काडी तुटते ती बहुधा शनिवारी संध्याकाळी, आणि दुकानदार सांगतो की या नंबरची काच तयार साठ्यात नाही, चार-पाच दिवस लागतील. कमी नंबर असलेल्याला हे दिवस अडचणीचे जातात. मोठा नंबर असलेल्याला मात्र या काळात गाडी चालवता येत नाही, रस्ता ओलांडताना समोरून येणारे वाहन नीट दिसत नाही आणि कामावर जाणेही कठीण होते. याला उपाय एकच : घरात वापरण्याजोगा दुसरा चष्मा हवा. पण तो पहिल्या चष्म्याची महागडी नक्कल असण्याची गरज नाही. कुठे पैसे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत एवढे कळले, तर जादा चष्मा मुख्य चष्म्याच्या किमतीच्या लहानशा हिश्शात होतो आणि काम तेवढेच करतो.

गरज कोणाला किती?

मायनस नंबर असलेल्यांसाठी एक साधा हिशेब आहे. एकाला नंबराने भागले, की चष्म्याशिवाय किती मीटरपर्यंत स्पष्ट दिसेल ते कळते. मायनस एक नंबर असेल तर एक मीटरपर्यंत, मायनस दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत, मायनस चार असेल तर पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. मायनस सहा नंबराच्या माणसाला साधारण सतरा सेंटिमीटरपलीकडचे सगळे पुसट दिसते, म्हणजे हात लांब केला तर स्वतःची बोटेही स्पष्ट दिसत नाहीत. ज्याचा नंबर तीनच्या पुढे आहे, त्याच्यासाठी जादा चष्मा ही चैन नसून रोजची गरज आहे. वाहन चालवणाऱ्याला तर दीड-दोन नंबरालाही तो हवा.

आणखी दोन गटांना तो विशेष लागतो. पहिला कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली आणि डोळा लाल झाला, की लेन्स त्याच दिवशी काढून ठेवावी लागते आणि डोळा पूर्ण बरा होईपर्यंत घालता येत नाही. त्या काळात चष्मा नसेल तर अनेक जण लाल डोळ्यातच लेन्स घालत राहतात, आणि त्यातून बुबुळाला जखम होण्याचा धोका असतो. लेन्सच्या डबीवरचा नंबर दाखवून मात्र चष्मा करून घेऊ नये. लेन्स डोळ्याला चिकटून असते आणि चष्मा बारा-तेरा मिलिमीटर पुढे असतो, त्यामुळे मोठ्या नंबरात दोन्हींचे आकडे वेगळे येतात. चष्म्याचा मायनस सहा नंबर लेन्समध्ये साधारण साडेपाच होतो. दुसरा गट एकाच डोळ्याने चांगले दिसणाऱ्यांचा. त्यांचा जादा चष्माही सहजी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचाच असावा.

आधी कपाटाचा खण उघडावा

नवा चष्मा घेण्याआधी जुना तपासावा. बहुतेकांच्या घरी एखादा मागचा चष्मा पडलेला असतो. तो चालेल का, हे त्या चष्म्याचा आणि आजचा नंबर शेजारी ठेवले की कळते. जुन्या चष्म्याचा नंबर माहीत नसेल तर दुकानातील लेन्सोमीटर या यंत्रावर तो दोन मिनिटांत मोजून मिळतो.

समजा, एका शिक्षिकेचा आजचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ६.०० आहे, सोबत सिलिंडर मायनस १.०० आणि अॅक्सिस १८०. तिच्या जुन्या चष्म्यात नंबर मायनस ५.५० आहे, सिलिंडर आणि अॅक्सिस तेच. फरक अर्ध्या नंबराचा. वरचाच हिशेब लावला, तर जुना चष्मा घालून तिला दोन मीटरपर्यंत स्पष्ट दिसेल, पुढचे हळूहळू मऊ होत जाईल. घरात, वर्गात, संगणकासमोर चार दिवस काढायला तो पुरेसा आहे. रात्री स्कूटर चालवायला पुरेसा नाही, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि राहिलेला अर्धा नंबर दिवसापेक्षा जास्त जाणवतो.

फरक पाऊण-एक नंबराच्या पुढे असेल, किंवा सिलिंडरचा अॅक्सिस बदललेला असेल, तर जुन्या चष्म्यावर भरवसा ठेवू नये. सिलिंडर म्हणजे डोळ्याच्या वक्रतेत एका दिशेला असलेला फरक, आणि अॅक्सिस म्हणजे तो दुरुस्त करण्याची दिशा. दिशा दहा अंशांनी चुकली तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो. तीस अंशांनी चुकली तर जेवढा सिलिंडर दिला तेवढाच दोष पुन्हा उभा राहतो. म्हणजे सिलिंडरची काच घालूनही न घातल्यासारखेच.

जुनी फ्रेम धड असेल तर त्यातच नव्या नंबरच्या काचा बसवून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. फक्त प्लास्टिकची फ्रेम पाच-सात वर्षे जुनी असेल तर ती ठिसूळ झालेली असते आणि काच बसवताना गरम केली की तडकू शकते. ती जोखीम ग्राहकाची असते, हे दुकानदार आधीच सांगतात.

जिथे तडजोड चालत नाही

चष्मा नवा करायचा ठरला, तर आकड्यांच्या बाबतीत तो मुख्य चष्म्याइतकाच अचूक हवा. स्फिअर, सिलिंडर आणि अॅक्सिस हे आकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतात. चौथा आकडा मात्र पुष्कळदा नसतो, आणि स्वस्त चष्मे बिघडतात ते त्याच्यामुळेच. तो म्हणजे पीडी, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असते.

काचेचा जो बिंदू प्रकाशाला वाकवत नाही, तो बाहुलीच्या बरोबर समोर यावा लागतो. तो बाजूला सरकला की काच प्रिझमसारखी वागते आणि चित्र जागेवरून हलवते. किती हलवते, हे नंबरावर अवलंबून आहे : सेंटिमीटरमधील चूक गुणिले नंबर. वरील शिक्षिकेची पीडी ६२ आहे, आणि काचा ६८ वर बसवल्या. चूक सहा मिलिमीटरची, म्हणजे ०.६ गुणिले ६, एकूण ३.६ प्रिझम. हाच घोळ मायनस एक नंबराच्या माणसाच्या चष्म्यात झाला असता तर प्रिझम फक्त ०.६ आला असता आणि त्याला कदाचित कळलेही नसते. म्हणून कमी नंबर असलेला माणूस कुठूनही स्वस्त चष्मा घेऊन निभावून नेतो, आणि मोठ्या नंबराच्या माणसाने तेच केले तर त्याचे डोके दुखते.

मायनस काचांची केंद्रे गरजेपेक्षा लांब बसली, तर दोन चित्रे एकत्र ठेवण्यासाठी डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावे लागते. डोळे आत, नाकाकडे वळवणे आपल्याला सोपे जाते. बाहेर वळवण्याची ताकद त्यामानाने फार थोडी असते. मग तासाभरात कपाळ जड होते, डोळ्यांभोवती ओढ जाणवते, कधी अक्षरे दुहेरी दिसतात. नंबर बरोबर असूनही ‘हा चष्मा सूट होत नाही’ अशी तक्रार येते, त्यामागे अनेकदा हेच असते.

उपाय सोपा आहे. डोळे तपासताना पीडी मोजून चिठ्ठीवर लिहून मागावी. ते राहून गेले असेल, तर ज्या चष्म्याने त्रास होत नाही त्याच्या काचांची केंद्रे लेन्सोमीटरवर खूण करून त्यांतले अंतर मोजता येते. घरबसल्या मागवलेल्या चष्म्यात पीडीचा रकाना रिकामा सोडला तर सरासरी अंतर गृहीत धरले जाऊ शकते. तीन-चारच्या पुढच्या नंबराला ही जोखीम घेऊ नये.

जिथे पैसे वाचतात

पहिली बचत फ्रेममध्ये, आणि ती केवळ नावाजलेला ब्रँड टाळण्याची नाही. मोठ्या मायनस नंबरात काच कडेला जाड होते, म्हणून दुकानात ‘हाय इंडेक्स’ म्हणजे पातळ काच सुचवली जाते. ती बरीच महाग असते. पण काच किती जाड होणार हे तिच्या प्रकाराइतकेच फ्रेमच्या आकारावर ठरते, आणि छोटी फ्रेम घ्यायला जास्त पैसे पडत नाहीत.

फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला ५४ आणि १८ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधील अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्यांची बेरीज ७२ म्हणजे फ्रेममधील दोन काचांच्या मध्यांचे अंतर. शिक्षिकेची पीडी ६२, म्हणजे प्रत्येक काचेचे केंद्र पाच मिलिमीटर नाकाकडे सरकवावे लागणार. मग कानाकडची कड केंद्रापासून २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटर दूर पडते. मायनस सहा नंबराची साधी १.५० इंडेक्सची काच त्या कडेला अंदाजे आठ मिलिमीटर जाड होईल. महागडी १.६० इंडेक्सची काच घातली तरी ती साडेसहाच्या आसपास राहील.

आता तिने ४६ आणि १८ आकड्यांची लहान फ्रेम घेतली तर? बेरीज ६४, म्हणजे केंद्र फक्त एक मिलिमीटर सरकवायचे. कड २४ मिलिमीटरवर. साधी १.५० इंडेक्सची काच तिथे सुमारे साडेपाच मिलिमीटर भरेल. म्हणजे छोट्या फ्रेममधली साधी काच मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा पातळ झाली, आणि वजनही कमी झाले. गोल किंवा लंबगोल, पूर्ण कडेची प्लास्टिकची फ्रेम असेल तर राहिलेली जाडीही कडेमागे झाकली जाते. बिनकडेच्या किंवा तारेवर काच धरणाऱ्या फ्रेम जादा चष्म्यासाठी टाळाव्यात. त्या लवकर तुटतात आणि त्यांना जाड कड शोभतही नाही.

साध्या १.५० इंडेक्सच्या प्लास्टिक काचेला दुकानात सीआर-३९ म्हणतात. ती स्वस्त आहे म्हणून तिच्यातून वाईट दिसते असे नाही. उलट पांढऱ्या दिव्याभोवती रंगीत कडा दिसण्याचा दोष तिच्यात पॉलिकार्बोनेट किंवा अतिपातळ काचांपेक्षा कमी असतो. तिची मर्यादा वेगळी : जोराचा आघात झाला तर ती पॉलिकार्बोनेटइतकी टिकत नाही. म्हणून लहान मुलांना आणि यंत्रावर काम करणाऱ्यांना पॉलिकार्बोनेटच द्यावी.

दुसरी बचत थरांमध्ये. ओरखडे न पडण्याचा हार्ड कोट घ्यावा. तो बहुतेक काचांवर असतोच. प्रकाशाचे परावर्तन थांबवणारा थर कशासाठी, हे समजून ठरवावे. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परत जातो. दिवसा ते जाणवत नाही. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांची भुतासारखी दुसरी प्रतिमा दिसते ती त्यामुळेच. जादा चष्मा घालून रात्री वाहन चालवण्याची वेळ येणार असेल तर हा थर घ्यावा, नाहीतर सोडावा. निळा प्रकाश रोखणारा ‘ब्लू कट’ थर मात्र निःशंकपणे नाकारावा. यावरच्या सतरा चाचण्यांचा ‘कोक्रेन’चा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यासमोर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा या काचांमुळे कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. उन्हात काळी होणारी काचही जादा चष्म्यात नको.

चाळिशीनंतरचा जादा चष्मा

चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते आणि अनेक जण प्रोग्रेसिव्ह काच घेतात. तिची दुसरी जोडी महाग पडते. शिवाय प्रोग्रेसिव्ह काच बाहुलीच्या उंचीनुसार नेमकी बसवावी लागते. स्वस्तातली, अंदाजाने बसवलेली प्रोग्रेसिव्ह घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

इथे कोणते काम अडेल हे आधी ठरवावे. गाडी चालवणाऱ्याने फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा करावा. ज्याचा लांबचा नंबर मायनस दोन ते तीनच्या दरम्यान आहे, त्याला एवढेच पुरते, कारण चष्मा काढला की तेहेतीस ते पन्नास सेंटिमीटरवरचे वर्तमानपत्र त्याला तसेच वाचता येते. ज्याला दोन्ही नंबर लागतात त्याने जुन्या पद्धतीची बायफोकल काच घ्यावी. मधली रेघ दिसते, पण किंमत प्रोग्रेसिव्हच्या मानाने फारच कमी.

लांबचे चांगले दिसणाऱ्याला वाचण्यापुरता तयार चष्मा जादा म्हणून चालतो. पंचेचाळिशीत साधारण सव्वा ते दीड आणि साठीत अडीच नंबर लागतो. मात्र या चष्म्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडर नसतो. दोन डोळ्यांत एक नंबराचा फरक असेल किंवा पाऊणपेक्षा जास्त सिलिंडर असेल तर तो घेऊ नये. प्रौढांचा डोळा चुकीच्या चष्म्याने खराब होत नाही, पण डोकेदुखी आणि ताण येतो. हा साधा चष्माही किती कामाचा असतो, हे आसामच्या चहामळ्यांत दिसले. तिथल्या चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली होती. मजुरी कामावर मोजली जात असेल, तर चष्मा फुटल्याचे नुकसान तिथे थेट पैशात दिसते.

घेताना आणि ठेवताना

चष्मा ताब्यात घेताना तो लेन्सोमीटरवर आपल्यासमोर तपासून मागावा आणि आकडे चिठ्ठीशी जुळवावेत. पाव नंबराचा फरक निघाला तर काच परत करावी. मग एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचावी, नंतर दुसरा डोळा झाकून. मुख्य चष्म्याने जेवढे वाचता येते तेवढे दोन्ही डोळ्यांनी वाचता आले पाहिजे. मान खाली घातली तर चष्मा नाकावरून घसरता कामा नये. मोठ्या नंबरात चष्मा चार मिलिमीटर पुढे सरकला तरी नंबर थोडा कमी पडल्यासारखे होते.

नवा जादा चष्मा लगेच कपाटात ठेवू नये. फ्रेम आणि काचेची वक्रता वेगळी असल्याने सुरुवातीला जमीन किंचित तिरकी वाटते. सलग दोन-तीन दिवस वापरून डोळ्यांना त्याची सवय करावी. तेवढ्याने अस्वस्थता गेली नाही, तर पीडी पुन्हा मोजून घ्यावी. दुकानात परत जाण्याची हीच वेळ असते, अडचणीच्या दिवशी ते जमत नाही. नंतर तो कडक डबीत ठेवावा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको, कारण उन्हाळ्यात बंद गाडीत काचेवरचा थर जाळीसारखा तडकतो. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असावा, त्यात पीडी आणि फ्रेमचे आकडेही.

जादा चष्माही शिळा होतो. शाळकरी मुलांचा मायनस नंबर वर्षभरात बदलतो, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम दुसरा चष्मा करून तो वर्षानुवर्षे जपण्यात अर्थ नाही. नंबर वाढला की नवा करावा आणि मागचा, फरक कमी असेल तर, जादा म्हणून ठेवावा. मधुमेहात साखर वरखाली होत असताना नंबरही वरखाली होतो. साखर काही आठवडे आटोक्यात राहिल्यावरच चष्मा करावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जुने सगळे चष्मे बाद समजावेत.

आणि जादा चष्मा नसताना मुख्य चष्मा फुटलाच, तर जाड कागदाला टाचणीने बारीक छिद्र पाडावे आणि ते डोळ्याजवळ धरून पाहावे. छिद्रातून प्रकाशाची बारीक तिरीपच आत येत असल्याने नंबर असूनही अक्षरे बरीच स्पष्ट होतात. औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचण्यापुरते ते पुरते. याच छिद्राने आणखी एक गोष्ट कळते. चष्मा बरोबर असूनही एका डोळ्याने अंधूक दिसू लागले आणि छिद्रातूनही ते सुधारले नाही, तर दोष चष्म्याचा नाही. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.